मेनूवरची मल्याळम आणि कन्नड नावे: शब्द काय सांगतात, ताटात काय येते

आमच्या मेनूवरची मल्याळम नावे लांबलचक दिसतात, पण त्यांत एक सोय आहे. ज्या नावाच्या शेवटी ‘-अत्’ येते, ते नाव म्हणजे पदार्थावर काय केले त्याची नोंद असते. ‘-अत्’ म्हणजे ‘केलेले ते’. त्यामुळे रस्सा येणार की सुके, हे नावावरूनच कळते.

‘मीन’ आपल्याला राशीमुळे ठाऊक आहे: मासा. ‘मीन मुळकिट्टत्’ म्हणजे ‘मिरची घातलेला मासा’. हा लाल, आंबट रस्सा असतो आणि त्यात नारळ नसतो. आंबटपणा कुडंपुळीचा, म्हणजे आपल्या कोकमाच्या जातभाईचा. ‘इरच्चि उलर्त्तियत्’मध्ये इरच्चि म्हणजे मांस आणि उलर्त्तियत् म्हणजे सुकवत परतलेले. आधी शिजवलेले मटण खोबऱ्याच्या कापांसह खोबरेल तेलात काळपट होईपर्यंत परततात. हे आप्पमबरोबर मागवलेत तर बुडवायला काहीच नसेल, म्हणून सोबत एखादा रस्सा घ्या.

सगळ्यांत जास्त प्रश्न येतात ते ‘मीन पोळ्ळिच्चत्’बद्दल. शब्दशः अर्थ ‘पोळवलेला मासा’. आपला हात तव्याला लागून पोळतो, तेच इथे जाणूनबुजून केलेले असते. माशाला चिरा देऊन हळद, तिखट, मिरे, मीठ आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवतात, मग खोबरेल तेलात वरवर तळतात. छोटे कांदे, आले, लसूण, कढीपत्ता आणि टोमॅटो यांचा मसाला तेल सुटेपर्यंत परतून त्यात थोडे दाट नारळाचे दूध घालतात. मसाल्याचा एक थर केळीच्या पानावर, त्यावर मासा, वर पुन्हा मसाला. मग पुडी बांधून मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी पाच-सात मिनिटे.

पान आधी आचेवर फिरवून मऊ करावे लागते. ते चकाकू लागले की वळते. कच्चेच दुमडले तर शिरेपाशी फाटते, मसाला तव्यावर गळून करपतो आणि मासा कोरडा पडतो. पुडी समोर आली की उघडण्याआधी पान पाहा. दोन्ही बाजूंना तपकिरी डाग हवेत. पान हिरवेगार असेल तर मसाला नुसता गरम झाला आहे, पोळलेला नाही. खुशाल परत पाठवा. हा पदार्थ आधी करून ठेवता येत नाही, म्हणून वीस-पंचवीस मिनिटे धरून चला.

कन्नड नावांत क्रियापदे कमी आणि जिन्नस जास्त. इथे मराठी माणूस फसतो तो ओळखीच्या शब्दांवर. ‘कोळी सारु’ वाचून अनेक जण मासा समजून मागवतात. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी, आणि सारु म्हणजे आपल्या सारासारखेच पातळ. ‘खारा बात’ खारट नसतो. कन्नडमध्ये खारा म्हणजे तिखट. ‘हुळी’ म्हणजे आंबट, आणि चिंच घातलेल्या सांबारालाही हुळीच म्हणतात. हा शब्द म्हणजे मल्याळममधला ‘पुळी’च, जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. ‘ळ’ मात्र जपा, कारण ‘हुली’ म्हणजे वाघ. मराठीत ‘ळ’ असल्याने हे आपल्याला जमते, इंग्रजी अक्षरांतला मेनू वाचणाऱ्यांची पंचाईत होते.

‘बिसि बेळे बात’मध्ये बिसि म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ, आणि बात म्हणजे आपला भातच. जुने नाव ‘बिसि बेळे हुळि अन्न’, म्हणजे गरम, डाळीचा, आंबट भात. तांदळाच्या जवळजवळ बरोबरीने तूरडाळ पडते, त्यामुळे गार होताच तो घट्ट गोळा होतो. नावातला ‘बिसि’ म्हणूनच शोभेचा नाही. पार्सल नेलेत तर गरम करण्यापूर्वी त्यात उकळते पाणी घाला, साधारण वाटीभर भाताला पाव वाटी, आणि मीठ पुन्हा चाखा. गार पाणी घातले तर गाठी राहतात.

अर्थात नाव नेहमी शब्दाला जागतेच असे नाही. ‘उप्पिट्टु’ म्हणजे उप्पु अधिक हिट्टु, मीठ अधिक पीठ. प्रत्यक्षात असतो रवा. आपले उपीट हेच. आणि ‘कोरी रोट्टी’मधले कोरी आपले कोरे नव्हे, कन्नडही नव्हे, ते तुळू आहे आणि त्याचाही अर्थ कोंबडी. रोट्टी तांदळाची, पापडासारखी कुरकुरीत असते. रस्सा ओतल्यावर दोन मिनिटांत खा, नंतर तिचा लगदा होतो.