शेगडीचा फोटो आणि नेमका सुटा भाग

माझ्या मामेबहिणीने शेगडीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, ज्योत पिवळी येतेय, बर्नर बदलावा लागेल. कुठला मागवू?" फोटो वरून काढलेला होता, स्वच्छ होता, आणि शेजारी काचेवर बँकेचं एक प्लास्टिकचं कार्डही ठेवलं होतं. अशा कार्डाची लांबी जगात सगळीकडे सारखीच, 85.6 मिलिमीटर असते. म्हणून फोटोत माप काढायला ते फार सोयीचं पडतं. कार्ड 1070 पिक्सेल लांब दिसत होतं, म्हणजे एका मिलिमीटरला साडेबारा पिक्सेल. बर्नरची रुंदी 1125 पिक्सेल भरली. भागाकार केला, 90 मिलिमीटर आले, आणि मी तिला 90 चा बर्नर सांगितला. आला तो बसलाच नाही. जुना बर्नर पट्टीने मोजला तर 78 मिलिमीटरचा निघाला.

हिशेब बरोबर होता, पण कार्ड चुकीच्या जागी होतं. ते शेगडीच्या काचेवर पडलेलं होतं आणि बर्नरचा माथा त्याच्या 4 सेंटिमीटर वर. फोन काचेपासून 30 सेंटिमीटरवर धरलेला, म्हणजे बर्नरच्या माथ्यापासून फक्त 26 सेंटिमीटरवर. जवळची वस्तू मोठी दिसते आणि ती नेमकी त्याच प्रमाणात मोठी दिसते: 78 ला 30 ने गुणून 26 ने भागलं की 90. तब्बल 12 मिलिमीटरची चूक, आणि फोटो बघून कुणाला शंकाही येऊ नये.

यावर उपाय दोन. एक, कार्ड किंवा पट्टी बर्नरच्या माथ्याच्याच उंचीवर धरायची. शेगडी थंड असताना बर्नरवरच आडवी ठेवली तरी चालते. दोन, लांबून फोटो काढायचा. तोच फोटो 120 सेंटिमीटरवरून झूम करून काढला असता, तर कार्ड काचेवर असूनही माप 80.7 मिलिमीटर आलं असतं. वस्तू फोटोच्या मध्यभागी हवी, कारण कडेला भिंगामुळे आकार ताणला जातो.

पण एवढं करूनही बर्नर ओळखायला वरचा फोटो अपुराच. या प्रकारच्या शेगडीत बर्नरचा खालचा गळा गॅस आणि हवा जिथे मिसळतात त्या नळीच्या, म्हणजे मिक्सिंग ट्यूबच्या तोंडात बसतो आणि बर्नर चपखल बसणार की नाही हे हा गळाच ठरवतो. वरून तो दिसतच नाही. वरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन बर्नरचे गळे वेगळे असू शकतात. गळा सैल असेल तर गॅस आणि हवेचं मिश्रण तिथूनच निसटतं आणि ज्योत बर्नरच्या खाली लागते. म्हणून मी बहिणीला दोन फोटो नव्याने काढायला सांगितले: एक बर्नर उलटा ठेवून आणि दुसरा बाजूने, उंची दिसेल असा. उंचीलाही महत्त्व आहे, कारण ज्योत आणि भांडं यांच्यातलं अंतर तिच्यावरच अवलंबून असतं.

उलट्या बाजूला बहुधा ओतीव आकडे किंवा अक्षरं असतात. फ्लॅशने ती पुसल्यासारखी होतात, कारण समोरून पडलेला प्रकाश खाचखळगे सपाट करून टाकतो. त्याऐवजी टॉर्च अगदी आडवा, धातूला घासून जाईल असा धरला की प्रत्येक अक्षराची सावली पडते. बहिणीने तसं केलं आणि आधी काळपट धातू वाटत होता तिथे क्रमांक वाचता आला. क्रमांक मिळाला की मापाचा खेळ संपतो. तो नसेल तेव्हा फोटोवरून फक्त गट ठरवायचा आणि गळ्याचं शेवटचं माप कॅलिपरनेच घ्यायचं. चांगल्या फोटोतही एखाद्या मिलिमीटरची चूक राहते, आणि गळा बसायला तेवढी चूकही जास्त होते.

योग्य बर्नर आला, बसलाही. ज्योत मात्र पिवळी आणि उंचच राहिली.

मग मी तिला जेटचा फोटो मागितला. जेट म्हणजे मिक्सिंग ट्यूबच्या टोकाशी असलेला बारीक भोकाचा पितळी तुकडा. त्यावर कोरलेला आकडा बहुधा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. तिच्या जेटवर 97 होतं, म्हणजे 0.97 मिलिमीटर. मी विचारलं, "अगं, ही शेगडी आधी पाइपच्या गॅसवर होती का?" होती. नव्या घरात सिलिंडर होता.

पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक वायूपेक्षा सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात साधारण अडीच पट उष्णता असते. त्यामुळे तेवढ्याच आचेला सिलिंडरच्या गॅससाठी भोक लहान लागतं. अशा मध्यम बर्नरला ते 0.65 च्या आसपास असतं. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून 0.65 च्या जागी 0.97 असेल तर सव्वादोन पट गॅस येतो. त्या मानाने हवा ओढली जात नाही. ज्वलन अपुरं राहतं, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसतो. मी तिला शेगडी लगेच बंद ठेवायला सांगितलं. जेट आणि त्यासोबतची जुळवणी तंत्रज्ञाकडूनच करून घ्यायची असते, कारण हवेचा पुरवठाही तपासावा लागतो.

तंत्रज्ञ येणार म्हणून रेग्युलेटर आणि नळीचेही फोटो मागवून घेतले. रेग्युलेटरचा आकार फसवा असतो. व्हॉल्व्हवर दाबून बसणाऱ्या प्रकारात 20, 21 आणि 22 मिलिमीटरचे रेग्युलेटर फोटोत सारखेच दिसतात, म्हणून अंगावरचा शिक्काच वाचायचा. त्यावरच बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाबही लिहिलेला असतो. घरगुती शेगडीसाठी तो बहुधा 30 मिलीबारच्या आसपास असतो. दाब कमी-जास्त करण्याची चकती असलेला, मोठ्या भट्टीसाठीचा रेग्युलेटर लहान फोटोत साध्यासारखा वाटू शकतो, आणि तो घरच्या शेगडीला लावणं घातक आहे. पिळून बसवायच्या प्रकारात नटाच्या कोपऱ्यांवर खाचा दिसल्या तर आटे उलटे आहेत असं समजायचं. तो नट घट्ट करायला डावीकडे फिरवावा लागतो.

नळीच्या बाबतीत लांबी आणि रंग कामाचे नाहीत. अंगावर छापलेली ओळ बघायची: गॅसचा प्रकार, आतला व्यास, बनवल्याचं वर्ष किंवा मुदत. ओळ नळीभोवती वळलेली असते, म्हणून नळी थोडी थोडी फिरवत तीनेक फोटो लागतात. दोन्ही टोकांचे फोटो वेगळे घ्यायचे, कारण शेगडीकडचं टोक आणि रेग्युलेटरकडचं टोक सारखं असेलच असं नाही. बहिणीच्या नळीवर मुदत वाचता आली आणि ती उलटून गेली होती. मुदत वाचता आली नसती तरी मी नळी बदलायलाच सांगितली असती. रबर आतून कडक झालंय का, टोकाशी बारीक चिरा आहेत का, हे फोटोत येत नाही. गॅस बंद करून नळी हाताने वाकवली की ते कळतं.

तंत्रज्ञाने जेट बदलला, हवेची जुळवणी केली, नवी नळी बसवली आणि सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. संध्याकाळी बहिणीने ज्योतीचा फोटो पाठवला. प्रत्येक भोकावर लहान निळा शंकू स्पष्ट दिसत होता आणि टोकाला कुठेही पिवळेपणा नव्हता.