मोकाट गाय आडवी आली, तर भरपाई कोण देणार?

"गाईला मालकच नाही, म्हणजे गाडीचा खर्च आपल्याच खिशातून."

असंच नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर जनावराची धडक अपघातातच मोडते आणि विमा कंपनी मालक सापडण्याची वाट पाहत नाही. नुसता थर्ड पार्टी विमा मात्र स्वतःच्या गाडीला कामाचा नाही.

गोची पुढे होते. रेडिएटर फुटलेला असताना गाडी तशीच दामटली आणि इंजिन जाम झालं, तर इंजिनाचा खर्च नाकारला जातो. तिथेच थांबून टोइंग मागवा.

गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा फोटोही घ्या. त्यावरच्या 12 अंकी क्रमांकावरून मालकाचा माग लागतो. निष्काळजीपणे जनावर सोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. भरपाईचा दावा मात्र वेगळा, दिवाणी.