सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्याची परवानगी: अर्जातली मापं कशी काढायची

ड्रेनेज लाइन नसलेल्या ठिकाणी घर बांधायचं तर सांडपाण्याची सोय कागदावर दाखवावी लागते. हे अर्ज बहुतेक वेळा एकाच कारणाने परत येतात. शेजाऱ्याचा नकाशा तसाच उचललेला असतो आणि त्यात टाकीचं माप असलं तरी त्या मापाला हिशोब नसतो. तपासणाऱ्याला दोनच गोष्टी पाहायच्या असतात: टाकी माणसांच्या संख्येला पुरते का, आणि शोषखड्डा तुमच्या मातीला जमतो का. यातली दुसरी गोष्ट शेजाऱ्याकडून उसनी घेता येत नाही, कारण पन्नास पावलांवरही माती बदलते.

पात्रता थोडक्यात अशी. सार्वजनिक मलवाहिनी जोडण्याजोग्या अंतरावर नसावी. विहीर किंवा बोअरवेल शोषखड्ड्यापासून पुरेशी लांब असावी. हे अंतर बऱ्याच नियमांत १५ ते ३० मीटरच्या दरम्यान असतं आणि त्यात शेजाऱ्याची विहीरही धरतात. पावसाळ्यात भूजल जिथवर चढतं तिथपासून खड्ड्याचा तळ निदान दीड-दोन मीटर वर राहिला पाहिजे. जागा या कसोटीत बसत नसेल तर टाकी कितीही मोठी दाखवली तरी उपयोग नाही. नेमके आकडे तुमच्या स्थानिक नियमांतूनच घ्या.

आता एक घर धरू. राहणारे पाच जण, झोपायच्या खोल्या तीन. अर्जात पाच लिहू नका. पुष्कळ ठिकाणी खोलीमागे दोन माणसं धरतात आणि ते शहाणपणाचं आहे, कारण माणसं येतात-जातात, टाकी मात्र तीच राहते. म्हणून सहा जण धरू. संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचं मिळून माणशी रोज १०० लिटर सांडपाणी म्हणजे दिवसाला ६०० लिटर.

टाकीत दोन गोष्टींना जागा लागते. पाणी साधारण एक दिवस थांबलं तरच जड मैला खाली बसतो आणि तेलकट साय वर तरंगते. त्यासाठी ६०० लिटर. दुसरी जागा साचणाऱ्या गाळाची. उष्ण हवामानात माणशी वर्षाला ४० लिटर धरतात. दर तीन वर्षांनी उपसा करायचा ठरवला तर ६ × ३ × ४० म्हणजे ७२० लिटर. एकूण १,३२० लिटर. रुंदी ०.७५ मीटर, लांबी १.६ मीटर आणि पाण्याची खोली १.१ मीटर घेतली की हिशोब बरोबर बसतो. यावर ०.३ मीटर मोकळी जागा वायू आणि सायीसाठी सोडायची, म्हणजे आतली उंची १.४ मीटर. ही मापं आतली आहेत. हीच मापं भिंतीच्या जाडीसकट बाहेरची म्हणून लिहिली तर टाकी कागदावरच लहान होते, आणि ही चूक सगळ्यात जास्त दिसते. काही ठिकाणी नियमात किमान आकारमान दिलेलं असतं. तुमचा आकडा त्याखाली आला तर तोच किमान आकडा लागू होतो. लांबीच्या दोन तृतीयांशावर आडवी भिंत घालून दोन कप्पे करतात आणि पाणी आत येण्या-जाण्याच्या तोंडांना टी-पाइप बसवतात, म्हणजे साय बाहेर वाहत नाही.

शोषखड्ड्याचं माप मात्र माणसं आणि माती मिळून ठरवतात. त्यासाठी पाझर चाचणी लागते. खड्ड्याची जागा ठरवून तिथे, जितक्या खोलीवर पाणी मुरणार आहे तितकं, १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचं भोक खणा. बाजू खरवडून घ्या, कारण खोऱ्याने माती दाबून गुळगुळीत होते आणि पाणी मुरत नाही. तळाशी ५ सेंटिमीटर खडी टाका, वर ३० सेंटिमीटर पाणी भरा आणि रात्रभर भिजू द्या. हा भिजवण्याचा भाग लोक टाळतात. कोरडी चिकणमाती पहिल्या तासात पाणी गटागटा पिते, मग फुगते आणि तोंड मिटून घेते. अशी चाचणी खोटं आश्वासन देते. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून दर अर्ध्या तासाला पातळी मोजा आणि परत भरत राहा. घसरण स्थिर झाली की शेवटचा आकडा लिहा.

आपल्या घरात शेवटच्या अर्ध्या तासात पाणी ५ सेंटिमीटर उतरलं. म्हणजे २.५ सेंटिमीटरला १५ मिनिटं. रूढ सूत्राप्रमाणे २०४ ला या मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचं: साधारण ५२ लिटर, दर चौरस मीटरला, दर दिवसाला. ६०० भागिले ५२ म्हणजे ११.५ चौरस मीटर मुरवणारी भिंत हवी. तळ यात धरत नाहीत, कारण तो बारीक गाळाने लवकर बंद होतो. मिनिटं ३० च्या वर गेली तर शोषखड्ड्याचा नाद सोडून दुसरी व्यवस्था शोधावी लागते.

दीड मीटर व्यासाचा एकच खड्डा घेतला तर घेर ४.७ मीटर आणि पाइपच्या तोंडाखाली खोली २.४५ मीटर लागते. तोंड जमिनीखाली ०.६ मीटरवर असेल तर तळ ३.०५ वर जातो. पण या जागेत पावसाळी भूजल ३.८ मीटरवर चढतं, म्हणजे मध्ये फक्त पाऊण मीटर उरतो. अर्ज इथेच अडला असता. उपाय खोली कमी करून संख्या वाढवण्याचा: १.८ मीटर व्यासाचे दोन खड्डे, पाइपच्या तोंडाखाली प्रत्येकी १.१ मीटर खोल. तळ १.७ मीटरवर, भूजल २.१ मीटर खाली. दोघांमध्ये व्यासाच्या तिप्पट अंतर सोडा आणि पाणी सारखं वाटणारी चेंबर नकाशात दाखवा.

कागद फार नाहीत. मालकीचा पुरावा, विहीर, घर, हद्द आणि खड्ड्यांची अंतरं दाखवणारा जागेचा नकाशा, टाकी व खड्ड्याचा उभा छेद, वरचा हिशोब, तारखेसह पाझर चाचणीची नोंद आणि पावसाळी भूजलाची पातळी. छपराचं पाणी टाकीत सोडत नाही, हेही नकाशात स्पष्ट करा. ते सोडलं तर एका जोरदार पावसात गाळ ढवळून खड्ड्यात जातो आणि मुरणं बंद पडतं. उपसा करणारी गाडी टाकीपर्यंत पोचते का, हा प्रश्न पाहणीत हमखास येतो.

परवानगी मिळाल्यावर टाकी झाकण्याआधी पाहणी मागवा. टाकी पाण्याने भरून २४ तास ठेवा. पातळी उतरली तर गळती आहे. वापर सुरू झाल्यावर खड्ड्याभोवती जमीन ओली राहू लागली किंवा संडासाचं पाणी हळू जाऊ लागलं, तर आधी टाकीतला गाळ काठीने मोजा. गाळ आणि साय मिळून पाण्याची तृतीयांश खोली व्यापत असतील तर उपशाची वेळ झाली. झाकण उघडलं तरी आत कोणी उतरू नये, तिथला वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतो.