पट्टी आडवी वाकते, उभी का नाही? (कालच्या तासाची पार्श्वभूमी)

मुलांनो, काल मागच्या बाकावरून प्रश्न आला की सर प्लास्टिक तेच, पट्टी तीच, मग नुसती कडेवर उभी धरली की एवढी ताठ कशी होते. बेल झाली म्हणून राहिलं, आता लिहितो.

हा प्रश्न गॅलिलिओनेही घेतलाय, दुर्बिणीवालाच तो. म्हातारपणी इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावी नजरकैदेत असताना त्याने जे पुस्तक पूर्ण केलं आणि जे १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं, त्यात तो चक्क पट्टीबद्दल बोलतो: पट्टी आडवीपेक्षा उभी धरली तर मोडायला जास्त जोर लागतो, आणि रुंदी जाडीच्या जितकी पट तितकाच पट जोर. आपली पट्टी ३० मिमी रुंद, २ मिमी जाड, म्हणजे १५ पट.

उत्तर बरोबर, पण कारण चुकलं! त्याला वाटलं की सगळी पट्टी एका कडेभोवती फिरते आणि सगळे तंतू सारखेच ताणले जातात. खरं तर वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते (हे हूकने १६७८ मध्ये लिहिलंय) आणि मधला थर तसाच राहतो. त्यामुळे मोडायला लागणारा जोर गॅलिलिओच्या हिशोबात तिप्पट यायचा, पण आडव्या-उभ्या दोन्हीत तीच चूक असल्याने भागाकारात उडून गेली. नीट हिशोब पारां आणि मग १७७३ मध्ये कुलोंब या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडला, म्हणजे मध्ये शंभरावर वर्षं गेली बघा.

आता नीट वाचा, कारण तुमचा प्रश्न मोडण्याचा नव्हता, वाकण्याचा होता. जाडी दुप्पट केली तर तंतू दुप्पट, कडेचा तंतू मधल्या थरापासून दुप्पट लांब म्हणून तेवढ्याच वाकण्याला दुप्पट ताणला जातो, आणि लांब असल्याने त्याची तरफही दुप्पट, म्हणजे ताठपणा २×२×२ = ८ पट. पट्टी उभी केली की जाडी १५ पट होते म्हणून ३३७५ पट, पण रुंदी १५ पट कमी झाली त्याने भागा, उरले २२५. मोडायला १५ पट, वाकवायला २२५ पट, हे दोन आकडे परीक्षेत हमखास उलटे लिहिले जातात.

घरी करून बघा. पट्टी टेबलावर घट्ट दाबून २० सेंमी बाहेर काढा, टोकाला १०० ग्रॅम लटकवा. आडवी असेल तर टोक साधारण ४ सेंमी खाली येईल (प्लास्टिकप्रमाणे थोडं कमीजास्त), उभी असेल तर पाव मिमीसुद्धा नाही, डोळ्याला दिसणारच नाही. उभ्या पट्टीवर हाताने फार जोर दिलात तर ती खाली न वाकता पिळवटून बाजूला पडते, तिथे हा हिशोब संपतो, तेव्हा पट्टी दोन्ही बाजूंनी धरायला कोणालातरी बसवा.