काळी पडलेली ओव्हरी: काढायची की पीळ सोडवायचा?

माझी भाची धायरीला राहते, वय २७. मार्चमध्ये पाळीच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत तिच्या उजव्या ओव्हरीवर ७ सेंटिमीटरची डर्मॉइड सिस्ट, म्हणजे आत केस आणि चरबी असलेली गाठ, दिसली होती. घाई नाही, दिवाळीनंतर काढून टाकू, असं ठरलं होतं. ऑगस्टमधल्या एका रविवारी पहाटे साडेतीनला कूस बदलताना उजव्या ओटीपोटात अशी कळ आली की ती गुडघे पोटाशी घेऊन तशीच पडून राहिली. पाठोपाठ चार उलट्या. घरात सगळ्यांचं एकमत झालं: रात्रीची पावभाजी बाधली, पित्त झालं.

जवळच्या हॉस्पिटलात रात्रपाळीच्या डॉक्टरांनीही आधी पित्ताचंच इंजेक्शन दिलं, सोबत दुखण्यावरचं. सोनोग्राफीवाले डॉक्टर नऊला येणार होते. सहाच्या सुमाराला कळ ओसरली आणि मंडळी घरी निघायच्या बेतात होती. तेवढ्यात ताईने, म्हणजे तिच्या आईने, पिशवीतून मार्चचा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. त्या कागदामुळे सगळं बदललं. प्रेग्नन्सी टेस्ट झाली, कारण नळीत राहिलेला गर्भही असाच दुखतो. पाणीसुद्धा बंद केलं आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना फोन गेला.

नऊच्या सोनोग्राफीत ओव्हरी आपली जागा सोडून गर्भाशयाच्या वर मधोमध आलेली, सुजून मोठी झालेली आणि आजूबाजूला थोडं पाणी. डॉपलरमध्ये मात्र रक्तप्रवाह दिसत होता. आम्हाला वाटलं, सुटलो. मॅडम म्हणाल्या, "ओव्हरीला पीळ बसला असावा. डॉपलर चांगला आहे म्हणून मी थांबणार नाही. दुपारी दुर्बिणीतून आत बघूया."

ताईने घाबरत विचारलं, "मॅडम, ओव्हरी काढावी लागेल?"

"आधी पीळ सोडवते. काळी दिसली तरी काढायची घाई करणार नाही."

या उत्तराने ताई चक्रावली, कारण आमच्या घरात हे दुखणं आधी एकदा येऊन गेलं होतं. १९७६ साली, १९व्या वर्षी, आमच्या मावशीचं असंच पोट दुखलं. बेंबीपासून खाली उभा छेद घेऊन ओव्हरी आणि नळी दोन्ही काढली. "काळी पडली होती, ठेवली असती तर सडली असती," असं आजीला सांगितलं गेलं आणि मावशीने ते वाक्य जन्मभर जपलं. एकाच दुखण्याला दोन पिढ्यांत दोन उलटी उत्तरं कशी मिळाली, हे बघायला बरंच मागे जावं लागतं.

ओव्हरी पोटात पाळण्यासारखी दोन बाजूंनी टांगलेली असते. एका बाजूने ती गर्भाशयाला बांधलेली, दुसऱ्या बाजूने ओटीपोटाच्या भिंतीला. रक्तही दोन्हीकडून येतं. तिच्यावर ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, मोकळी हलणारी गाठ असली की पाळणा जड होतो आणि एखाद्या वळणावर गिरकी घेतो. डर्मॉइड हा त्यातला नेहमीचा गडी. याउलट एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढल्याने झालेली गाठ आसपासच्या भागांना चिकटलेली असल्याने सहसा फिरत नाही. उजवीकडे पीळ जास्त वेळा बसतो, कारण डावीकडची जागा मोठ्या आतड्याने अडवलेली असते. उजवीकडेच अपेंडिक्स असल्यामुळे गल्लतही तिथेच जास्त होते.

हे प्रकरण पहिल्यांदा नीट मांडलं व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी, १८६५मध्ये. ते शवविच्छेदनाचे प्राध्यापक, त्यामुळे त्यांच्या टेबलावर रोगाची अखेरची अवस्था येई. स्वतःभोवती फिरून गळफास बसलेल्या गाठी त्यांनी वर्णन केल्या. ओव्हरीची गाठ पोट उघडून काढता येते हे त्याआधीच, १८०९मध्ये, अमेरिकेतल्या केंटकीत इफ्रेम मॅकडॉवेल यांनी दाखवलं होतं. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, तरी ती बाई, जेन टॉड क्रॉफर्ड, पुढे बत्तीस वर्षं जगली. अशा काळात गाठीसकट ओव्हरी काढून बाई वाचवणं हेच मोठं यश होतं. ओव्हरी वाचवायचा प्रश्न कोणाला पडणार?

पुढे त्या सवयीला नियमाचं रूप आलं, आणि नियमामागे एक भीती होती. पिळलेल्या शिरांमध्ये रक्त साकळतं. पीळ सोडवला तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाईल आणि रोगी टेबलावरच दगावेल. म्हणून पीळ तसाच ठेवायचा, त्याच्या मुळाशी चिमटा लावायचा आणि सगळं कापून काढायचं. ऐकायला हे अगदी तर्काला धरून आहे. मावशीच्या सर्जननी पुस्तकात होतं तेच केलं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे याला छेद देणारं लिखाण तोवर तीस वर्षं जुनं झालं होतं. इंग्लंडच्या स्टॅन्ली वे यांनी १९४६मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं की पिळलेल्या गाठीतही पीळ सोडवून फक्त गाठ काढता येते, ओव्हरी ठेवता येते. फार कोणी मनावर घेतलं नाही. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे: पोट एवढं मोठं उघडल्यावर काळी वस्तू आत ठेवून टाके घालायला फार मोठी छाती लागते. उद्या काही बिघडलं तर परत उघडायचं कसं?

दुर्बीण आली आणि ही अडचण हलकी झाली. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये आणि इस्रायलमध्ये सर्जन छोट्या छिद्रांतून पीळ सोडवू लागले, वाट बघू लागले. गरज पडलीच तर दुसऱ्यांदा दुर्बीण घालणं आता परवडत होतं. गुठळीच्या भीतीचा हिशेब १९९९मध्ये मांडला गेला. मॅकगव्हर्न आणि सहकाऱ्यांनी तोवर छापून आलेल्या रुग्णांचे आकडे एकत्र केले तेव्हा फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के निघालं आणि पीळ सोडवल्याने ते वाढत नव्हतं. शंभर वर्षं ज्या भीतीपोटी ओव्हऱ्या गेल्या, तिचं वजन एवढंच होतं.

उरला काळ्या रंगाचा प्रश्न. बोटाला दोरा घट्ट गुंडाळून बघा. आधी बोट फुगतं, मग जांभळं होतं, कारण रक्त परत नेणाऱ्या शिरा पातळ भिंतीच्या असतात आणि आधी दबतात. आणणारी धमनी जाड भिंतीची, ती बराच वेळ रक्त ढकलत राहते. ओव्हरीतही तेच होतं: आत येणारं रक्त चालू, बाहेर जाणारं बंद. ती सुजते, काळीनिळी होते. तो काळेपणा बहुतांशी अडकून पडलेल्या रक्ताचा असतो, मेलेल्या मांसाचा असेलच असं नाही. डोळ्यांनी बघून हा फरक करता येत नाही, हे सर्जनना सगळ्यात उशिरा पटलं. इस्रायलच्या ओल्सनर आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये शंभराच्या वर स्त्रियांचे निकाल छापले. काळ्यानिळ्या ओव्हऱ्या त्यांनी नुसत्या सोडवून ठेवल्या होत्या, आणि नंतरच्या सोनोग्राफीत नव्वद टक्क्यांहून अधिक जणींच्या त्याच ओव्हरीत बीज तयार होताना दिसलं. २०१९मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलींसाठीच्या सल्ल्यात स्पष्टच लिहिलं की रंग कसाही दिसो, ओव्हरी ठेवा.

डॉपलर नॉर्मल असूनही मॅडम का थांबल्या नाहीत, याचं उत्तरही त्या दोऱ्यातच आहे. धमनी चालू असेपर्यंत डॉपलरला प्रवाह दिसतोच, शिवाय रक्ताचा दुसरा रस्ता असतोच. म्हणजे डॉपलरवर प्रवाह दिसला नाही तर संशय पक्का होतो, पण दिसला म्हणून संशय फिटत नाही. सोनोग्राफी या रोगाच्या कामी आली ती मुळात गाठ दाखवण्यासाठी. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८मध्ये पोटाच्या सोनोग्राफीवरचा पहिला मोठा लेख लिहिला. त्यातली एक बाई पोटाच्या असाध्य कॅन्सरची ठरवली गेली होती. यंत्राने दाखवलं की ती ओव्हरीची प्रचंड सिस्ट आहे, आणि ती काढल्यावर बाई बरी झाली. प्रत्यक्ष पीळ पाहायची युक्ती मात्र आपल्याकडची आहे. कोइमतूरच्या डॉ. विजयराघवन यांनी २००४मध्ये भोवऱ्याच्या खुणेबद्दल लिहिलं: प्रोब ओव्हरीच्या देठावरून पुढेमागे फिरवला की रक्तवाहिन्या पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या गरगरताना दिसतात. ही खूण दिसली तर पीळ जवळजवळ नक्की. मात्र ती शोधावी लागते, आपोआप फोटोत येत नाही.

मधेच कळ थांबली, त्याचं काय? हा सगळ्यात फसवा भाग. पीळ अर्धवट सुटू शकतो, पुन्हा बसू शकतो. इंजेक्शनने दुखणं दबलं असेल, तो भाग वेगळा. ताप आणि रक्तातल्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांची वाट बघण्यातही अर्थ नाही, त्या बहुधा उशिरा येतात किंवा येतच नाहीत. म्हणून माहीत असलेली गाठ, एका बाजूला अचानक उठलेली कळ आणि सोबत उलट्या, एवढ्यावरच दुर्बीण घालायचा निर्णय होतो. आत गेल्यावर पीळ निघाला नाही, असंही अधूनमधून होतं आणि ते धरून चालावं लागतं. किती तासांनी ओव्हरी हातची जाते याची ठरलेली घटिका नाही. तासांमागून तास शक्यता घटत जाते, एवढंच.

सोडवण्यालाही मर्यादा आहेत. हात लावताच तुटणारी, विरघळलेली ओव्हरी काढावीच लागते. पाळी गेलेल्या बाईत गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता वाढते आणि ओव्हरीची गरज उरलेली नसते, तिथे काढणंच शहाणपणाचं ठरतं. गाठ त्याच वेळी काढायची की सूज उतरल्यावर, यावर डॉक्टरांत आजही दोन मतं आहेत. सुजलेल्या ओव्हरीला हात लावला तर ती फाटते, रक्त येतं. पण डर्मॉइड तशीच ठेवली तर पाळणा जडच राहतो.

भाचीच्या पोटात दुपारी दोनला दुर्बीण गेली. अडीच वेढे होते. ताईने नंतर व्हिडिओ बघितला, मला बघवला नाही. पिकलेल्या जांभळासारखा रंग, ती म्हणाली. वेढे उलटे फिरवून मॅडम दहा मिनिटं कोमट सलाईन सोडत थांबल्या. रंग थोडा उतरला, पुरता नाही. डर्मॉइड त्यांनी त्याच बैठकीत सोलून काढली, आत केस आणि पिवळट चरबी. उरलेली ओव्हरी जांभळटच आत ठेवली.

नोव्हेंबरमध्ये तपासणीची सोनोग्राफी होती. मावशी हट्टाने सोबत आली. पडद्यावर उजवीकडच्या ओव्हरीत काळा, गोल ठिपका दिसला आणि डॉक्टरांनी त्यावर दोन फुल्या ठेवून माप घेतलं: १८ मिलिमीटर. या महिन्याचं बीज उजवीकडून येणार, ते म्हणाले. मावशीने चष्मा पुसला आणि तो ठिपका पुन्हा एकदा दाखवायला सांगितला.