सुजलेली पडजीभ आणि रक्तदाबाची गोळी

आरशासमोर तोंड उघडून ‘आ’ केलं की टाळूच्या मागच्या कडेला, बरोबर मधोमध, जो मांसल लोलक दिसतो ती पडजीभ. निरोगी माणसात ती साधारण एक ते दीड सेंटिमीटर लांब असते आणि जिभेला टेकत नाही. तिच्यात एक लहानसा स्नायू असतो, पुष्कळ लाळग्रंथी असतात आणि या सगळ्याला धरून ठेवणारी सैल ऊती असते. सुजेच्या दृष्टीने ही सैल ऊतीच महत्त्वाची. पापण्या आणि ओठ यांच्याप्रमाणे इथेही पाणी साठायला भरपूर जागा असते. म्हणूनच रात्री झोपताना ठीक असलेली पडजीभ सकाळी दुप्पट जाड होऊन जिभेवर टेकलेली सापडते. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, कितीही गिळलं तरी ते जात नाही आणि मधूनच ओकारीची उबळ येते.

अशा सकाळी माणूस घाबरतो, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. रात्रभर तोंड उघडं ठेवून घोरल्यामुळे पडजीभ सतत थरथरत राहते आणि कोरडी पडते. दिवसभर पाणी कमी पोटात गेलेलं असेल, नाक चोंदलेलं असेल किंवा झोपण्याआधी दारू घेतलेली असेल तर हे हमखास होतं. उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं झालं तर जठरातलं आम्ल घशापर्यंत येऊन तिला चुरचुरवतं. भूल देऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर श्वासाच्या नळीच्या दाबाने ती दुखावते, तिचं टोक पांढरटही पडतं. थंड पाणी घोट घोट पिणं, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि तिखट-गरम टाळणं एवढ्यावर घोरण्याची सूज सहसा दिवसभरात ओसरते. भूल दिल्यानंतरच्या दुखापतीला मात्र काही दिवस लागतात.

जंतुसंसर्गाने सुजलेली पडजीभ वेगळी ओळखू येते. ती लालबुंद असते, दुखते, सोबत ताप असतो आणि टॉन्सिलही अनेकदा सुजलेले असतात. अशा वेळी डॉक्टरांकडे जायचं, कारण स्ट्रेप्टोकोकस जंतू असेल तर प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागतो. पडजीभ एका बाजूला ढकललेली दिसत असेल, तोंड नीट उघडत नसेल आणि तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा आवाज येत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या टॉन्सिलमागे पू साठल्याची दाट शक्यता असते. तो पू त्याच दिवशी काढावा लागतो.

आता भीतीचा मुद्दा. नुसत्या पडजिभेच्या सुजेने मोठ्या माणसाचा श्वास क्वचितच बंद पडतो, कारण ती लोंबते ती जागा तशी ऐसपैस असते. धोका असतो तो खाली, स्वरयंत्रापाशी. तिथली वाट अरुंद असते आणि आरशात ती दिसत नाही. ज्या कारणाने पडजीभ सुजली त्याच कारणाने स्वरयंत्राचा वरचा भागही सुजत असेल, तर वेळ थोडा उरतो. म्हणून पडजीभ किती मोठी झाली आहे यापेक्षा ती कशाने सुजली हे आधी विचारायला हवं. आणि इथेच असं एक कारण आहे जे आपल्याकडे घराघरात असू शकतं, पण ज्यावर संशय फार उशिरा जातो: रक्तदाबाची गोळी.

सगळ्या गोळ्या नव्हेत. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं त्या, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा आणि मधुमेहातला मूत्रपिंडाचा त्रास यांवर ही औषधं खरोखर गुणकारी आहेत आणि त्यांनी असंख्य लोकांचं आयुष्य वाढवलं आहे. त्यांचा उगम मात्र सापाच्या विषात आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाचं विष रक्तद्रवात मिसळल्यावर त्यात एक पदार्थ तयार होतो, असं मॉरिसिओ रोचा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९४०च्या दशकाच्या अखेरीस दिसलं. त्या पदार्थाने रक्तवाहिन्या रुंदावत होत्या. त्याला त्यांनी ब्रॅडिकायनिन हे नाव दिलं. पुढे १९६५ मध्ये सर्जिओ फरेरा यांनी त्याच विषातला असा घटक दाखवला, जो ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवतो. या धाग्यावरून काम पुढे गेलं आणि ‘प्रिल’ घराण्याची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, १९८१ मध्ये अमेरिकेत वापरात आली.

या गोळ्या शरीरातलं एक विकर अडवतात. ते विकर दोन कामं करतं. एक म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारं रसायन बनवणं. ते थांबलं की रक्तदाब उतरतो, आणि आपल्याला हवं असतं ते हेच. दुसरं म्हणजे ब्रॅडिकायनिन मोडून टाकणं. गोळीमुळे हेही थांबतं आणि ब्रॅडिकायनिन साठू लागतं. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. काहींना कोरडा खोकला लागतो. फार थोड्यांच्या, दर हजारात साधारण एक ते सात जणांच्या, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि सैल ऊती फुगते: ओठ, जीभ, पडजीभ, कधी स्वरयंत्र.

संशय उशिरा जाण्याचं कारण वेळेत आहे. त्रास पहिल्या महिन्यात जास्त होतो हे खरं, पण तो पाच वर्षं बिनतक्रार गोळी घेतल्यावरही पहिल्यांदा होऊ शकतो. ‘ही तर माझी जुनीच गोळी आहे’ असं म्हणून माणूस तिला यादीतून वगळतो आणि काल रात्रीच्या जेवणात दोष शोधत बसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, ५८ वर्षांचे एक गृहस्थ तीन वर्षांपासून रोज रामिप्रिल घेत आहेत. मधुमेहासाठी काही महिन्यांपूर्वी त्यांना विल्डाग्लिप्टिन सुरू झालं आहे. पहाटे पाचला घसा भरल्यासारखा वाटून ते जागे होतात. पत्नी मोबाइलच्या उजेडात पाहतात तेव्हा पडजीभ फुगलेली, फिकट आणि पाणी भरल्यासारखी दिसते. ताप नाही, दुखत नाही, अंगावर गांधी नाहीत, खाजही नाही. घोरण्यानेही पडजीभ अशीच दिसू शकते आणि हे गृहस्थ घोरतातही. मग फरक कसा करायचा?

दोन गोष्टी विचारल्या की चित्र पालटतं. महिन्याभरापूर्वी त्यांचा वरचा ओठ एका बाजूने सुजला होता. किडा चावला असेल म्हणून सोडून दिलं आणि दोन दिवसांत ते उतरलंही. अशी आपोआप येऊन गेलेली सूज या औषधाची पूर्वखूण असते. दुसरी गोष्ट म्हणजे ते ग्लिप्टिन. ब्रॅडिकायनिनसारखी रसायनं मोडण्याची जी पर्यायी वाट शरीरात आहे तीही ते काही अंशी अडवतं, म्हणून या दोन औषधांच्या जोडीत सुजेची शक्यता वाढते.

सहा वाजता त्यांचा आवाज जाड झाला आणि थुंकी गिळायला त्रास होऊ लागला. आता घरी थांबणं संपलं. बोटावर लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९८ दाखवत असला तरीही. करोनानंतर हे यंत्र बऱ्याच घरांत आहे आणि त्याचा आकडा धीर देतो, पण श्वासाची वाट अरुंद होत असताना तो आकडा शेवटच्या टप्प्यापर्यंत चांगला राहू शकतो. आवाजातला बदल त्याच्या कितीतरी आधी कळतो.

रुग्णालयात त्यांना बसवूनच ठेवतात. नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात, कारण पुढचे निर्णय त्यावर ठरतात. ॲलर्जीची शंका असेल तर मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन ताबडतोब देतात आणि ते योग्यच आहे. मात्र ॲलर्जीची सूज हिस्टामिनमुळे येते आणि ही ब्रॅडिकायनिनमुळे. म्हणून ॲलर्जीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड देऊनही इथे फारसा उतार पडत नाही. काही ठिकाणी ब्रॅडिकायनिनला अडवणारं इकॅटिबँट किंवा गोठवलेला रक्तद्रव देतात, पण खरा भर श्वासमार्ग राखण्यावर असतो. सूज वाढत राहिली तर वाट बंद होण्याआधीच श्वासनळीत नळी घालतात. बहुतेकांवर ती वेळ येत नाही आणि एक ते तीन दिवसांत सूज उतरते.

कारण कोणतंही असो, काही लक्षणं दिसली की थेट तातडीच्या विभागात जायचं किंवा १०८ला फोन करायचा: आवाज बदलणं, थुंकी गिळता न येऊन लाळ गळणं, श्वास घेताना सूं-सूं असा आवाज, आडवं झाल्यावर गुदमरणं, जीभ किंवा ओठही सुजणं. अंगावर गांधी उठून चक्कर किंवा उलटी होत असेल तर ती तीव्र ॲलर्जी समजायची. खूप ताप असलेलं, पुढे वाकून हनुवटी वर करून बसलेलं, लाळ गाळणारं मूल असेल तर त्याच्या घशात चमचा घालून पाहू नका आणि त्याला झोपवू नका. त्या धडपडीत उरलेली वाटही बंद होऊ शकते. ही स्वरयंत्रावरच्या झाकणाची जंतुसंसर्गाने आलेली सूज असू शकते. ती आणणाऱ्या हिब जंतूवरची लस आता बाळांच्या सरकारी लसीकरणात आहे. त्यामुळे हा आजार कमी झाला, संपलेला नाही. काही घरांत पडजीभ ‘पडली’ म्हणून अंगठ्याने मीठ किंवा हळद लावून ती वर दाबतात. सुजलेल्या ऊतीला अशी इजा झाली की सूज वाढते, रक्त येतं, आणि औषधाने आलेल्या सुजेत मोलाचा तास जातो.

त्या गृहस्थांना घरी सोडताना रामिप्रिल कायमचं बंद होतं, आणि त्याबरोबर ‘प्रिल’ची सगळी भावंडंही, एक चालत नाही म्हणून दुसरं देऊन पाहणं इथे चालत नाही. रक्तदाबासाठी डॉक्टर ॲम्लोडिपिन देतात, किंवा विचार करून टेल्मिसार्टनसारखं औषध देतात. जोडगोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘प्रिल’ लपलेलं असतं, म्हणून ही नोंद फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्यायची आणि दातांच्या डॉक्टरांपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळ्यांना दाखवायची. गोळी बंद केल्यावरही पुढचे काही आठवडे ओठ किंवा पडजीभ पुन्हा सुजू शकते. तेव्हा ‘म्हणजे गोळीचा दोष नव्हता’ असं ठरवून ती परत सुरू करायची नाही. त्या दिवशीही तीच लक्षणं पाहायची आणि तीच वाट धरायची.