घट विभव, अप्रमाण संहतींना

विद्युत् घटातील द्रावणांची संहती प्रमाण मूल्याहून वेगळी असता त्याच्या दोन अग्रांमध्ये मिळणारे विभवांतर. प्रमाण विभव E° कोष्टकांत मिळते, पण ते प्रत्येक घटकाची क्रियाशीलता, म्हणजे परिणामकारक संहती, 1 असतानाचे असते. प्रत्यक्षातील विभव नेर्न्स्ट समीकरणाने काढतात:

E = E° − (RT/nF) ln Q

येथे R हा वायू स्थिरांक, T निरपेक्ष तापमान, Q हा अभिक्रियेतील उत्पादिते व अभिक्रियाकारके यांच्या क्रियाशीलतांचा तत्कालीन गुणोत्तरांक, n इलेक्ट्रॉनांची संख्या आणि F फॅराडे स्थिरांक (96,485 कूलंब प्रतिमोल). समीकरणाची मुळे गिब्ज ऊर्जेत आहेत. घटाकडून मिळू शकणारे कमाल विद्युत् कार्य गिब्ज ऊर्जेतील घटीएवढे, −ΔG इतके असते, म्हणजे ΔG = −nFE. घट पूर्ण उतरला की E शून्य होतो आणि Q हा समतोल स्थिरांक K इतका होतो; म्हणून ΔG° = −nFE° = −RT ln K. शून्य होतो तो E, E° नव्हे. विद्यार्थ्यांची गल्लत बहुधा येथेच होते.

समीकरणाचे श्रेय वाल्टर नेर्न्स्ट यांना देतात व त्याचे वर्ष सामान्यतः 1889 धरतात. मात्र हेल्महोल्ट्झ यांनी संहती-घटांचे ऊष्मागतिकीय विवेचन त्याआधी सुमारे दशकभर केले होते, आणि गिब्ज यांची मांडणी 1870 च्या दशकातील आहे. नेर्न्स्ट यांनी आपली मांडणी धातूच्या ‘विद्राव-दाबा’वर उभारली; ती कल्पना पुढे मागे पडली, समीकरण टिकले. त्यामुळे ऊष्मागतिकीय पाया आधीच्या दोघांचा आणि एकेका अग्राला लावता येईल असे रूप नेर्न्स्ट यांचे, ही वाटणी अधिक ग्राह्य वाटते. संहतीच्या जागी क्रियाशीलता घेण्याची रीत लुईस यांच्या 1907 नंतरच्या कामातून रुळली.

कोकणच्या खाड्यांत या समीकरणाचा परिणाम जेटीच्या पोलादी खांबांवर दिसतो. खांब गंजू नयेत म्हणून त्यांना जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडतात आणि खांबाचे विभव चांदी–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ-अग्राने मोजतात. समुद्राच्या पाण्यातील उघड्या अग्राच्या तुलनेत −0.80 व्होल्ट किंवा त्याहून ऋण वाचन आले की खांब सुरक्षित मानतात.

या अग्रावरची अभिक्रिया AgCl + e⁻ → Ag + Cl⁻ अशी असून E° 0.222 व्होल्ट आहे. समुद्रजलात क्लोराइड लिटरला सुमारे 0.56 मोल असते आणि क्रियाशीलता सुमारे 0.36 भरते. त्यावरून अग्राचे विभव सुमारे 0.25 व्होल्ट येते, व्यवहारात धरतात तेवढेच. आता वाशिष्ठीच्या दाभोळ खाडीत किंवा शास्त्रीच्या जयगड खाडीत पावसाळ्यात वरचे पाणी मचूळ होऊन क्लोराइड दहाव्या हिश्श्यावर आले असे समजू. 28 अंश सेल्सिअसला दहापट फरकाला 60 मिलिव्होल्ट पडतात. पण विरळ पाण्यात क्रियाशीलता-गुणांक वाढतो, म्हणून प्रत्यक्ष वाढ सुमारे 54 मिलिव्होल्टच होते. संदर्भच तेवढा वर सरकल्याने खांबाचे वाचन तेवढे अधिक ऋण दिसते. मीटरवर −0.80 दिसले तरी समुद्रजलाच्या मापाने खांब −0.75 च्या आसपास, म्हणजे अपुऱ्या संरक्षणात असतो. चूक धोक्याच्या बाजूने होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ओळखण्याचा उपाय सोपा आहे. संतृप्त पोटॅशियम क्लोराइड भरलेले बंद अग्र (25 अंशांना सुमारे 0.197 व्होल्ट) उघड्या अग्राच्या शेजारी त्याच पाण्यात सोडून दोघांतील अंतर मोजावे. समुद्रजलात ते साधारण 50 मिलिव्होल्ट असते; पाणी वरीलप्रमाणे दहापट विरळ झाले तर शंभराच्या थोडे वर जाते. दोन द्रावणांच्या संधीवरील लहान विभवामुळे या आकड्यांत काही मिलिव्होल्टांचा फरक पडू शकतो. भरतीला खारे पाणी जड असल्याने तळाशी शिरते व गोडे वर राहते, म्हणून एकाच खांबाशी खोलीनुसार दुरुस्ती बदलते. अग्र किती खोल सोडले आणि भरती होती की ओहोटी, ही नोंद वाचनासोबत हवीच.

याच अग्रावरून समतोल स्थिरांकही मिळतो. साध्या चांदी-अग्राचे (Ag⁺/Ag) E° 0.799 व्होल्ट असल्याने Ag⁺ + Cl⁻ → AgCl या अभिक्रियेसाठी 25 अंशांना E° = 0.577 व्होल्ट. त्यावरून ΔG° सुमारे −55.7 किलोजूल प्रतिमोल आणि ln K सुमारे 22.5. K चा व्यस्तांक, म्हणजे सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार, 1.8 × 10⁻¹⁰ येतो. इतक्या अल्प प्रमाणातील आयन तराजूने तोलणे अवघड. व्होल्टमापकाने मात्र तो आकडा सहज हाती येतो. विभव घातांकात बसत असल्याने 6 मिलिव्होल्टांच्या चुकीने K सुमारे 26 टक्के बदलतो.